स्कॉटलंडमध्ये आठ दिवस भाड्याची गाडी: एक्सेस, कार्डवरचा होल्ड आणि ओरखड्याचे पैसे

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं आठ दिवस स्कॉटलंडला जातोय. एडिंबरा विमानतळावरून घ्यायची गाडी एका तुलनेच्या साइटवरून बुक केली आहे. भाडं 280 पाउंड, 'विमा समाविष्ट', पण खाली बारीक अक्षरांत एक्सेस, म्हणजे नुकसान झालं तर आपण भरायची रक्कम, 1,400 आणि डिपॉझिट 1,500 पाउंड. साइट 40 पाउंडांत 'फुल प्रोटेक्शन' देतेय, ते घ्यायचं की काउंटरवरचं? गाडी मी चालवणार आणि बुकिंग माझ्या नावावर आहे, पण क्रेडिट कार्ड मिस्टरांचं, लिमिट दोन लाख. आणि परत आल्यावर ओरखड्याचे पैसे कापतात म्हणे, ते टाळायचं कसं?

उत्तर:

आधी कार्डाचं बघा, कारण तुमचं गाडं तिथेच अडणार आहे. करारातला मुख्य चालक आणि क्रेडिट कार्डवरचं नाव एकच असावं लागतं. नवरा शेजारी उभा असला, दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं असली, तरी बहुतेक काउंटरवर याला सूट मिळत नाही. गाडी नाकारली की साइटला आधी भरलेले पैसेही बहुधा बुडतात, कारण अटी तुम्ही पूर्ण केल्या नाहीत असं ते म्हणतात, आणि अटींत तसं लिहिलेलंच असतं.

यातून मार्ग दोन. एक, बुकिंग बदलून मुख्य चालक मिस्टरांना करायचं आणि तुम्ही 'अतिरिक्त चालक' व्हायचं. मग त्यांनाही लायसन्स घेऊन काउंटरवर उभं राहावं लागेल आणि अतिरिक्त चालकाचं रोजचं शुल्क वाढेल. दुसरा, त्यांच्या खात्यावर तुमच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढायचं. काउंटरवरचा माणूस कार्डावर छापलेलं नाव आणि पासपोर्ट जुळतो का एवढंच बघतो, त्यामुळे हे सहसा चालून जातं. मात्र हल्ली काही बँका पुढच्या बाजूला नावच न छापलेली कार्डं देतात. तसलं कार्ड असेल तर मागे तरी नाव आहे का ते आजच बघा. डेबिट कार्ड आणि प्रीपेड फॉरेक्स कार्ड डिपॉझिटसाठी धरू नका. भाडं त्यावर घेतील, डिपॉझिट बहुतेक ठिकाणी नाही. रुपे कार्डावरही विसंबू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड न्या. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि दुकानातल्या मशीनवरचा वापर, दोन्ही चालू करा. तिथेच एका व्यवहाराची मर्यादा वेगळी लावलेली असते. ती पन्नास हजारांवर राहिली तर लिमिट दोन लाख असूनही 1,500 पाउंडांचा व्यवहार नापास होतो. पिनही पाठ हवा, कारण एवढी रक्कम नुसतं कार्ड टेकवून होत नाही.

आता रकमेकडे. हिशोबापुरता पाउंड 120 रुपयांचा धरू. 1,500 पाउंड म्हणजे 1,80,000 रुपये. हे पैसे खात्यातून जात नाहीत, लिमिटमधून अडकतात. यालाच होल्ड म्हणतात. कंपनी बँकेला सांगते की एवढी रक्कम माझ्यासाठी राखून ठेव, लागली तर घेईन. दोन लाखांच्या कार्डावर मग आठ दिवसांसाठी उरतात 20,000 रुपये, आणि हॉटेलवालेही आपापला होल्ड लावतात. ब्रिटनमधल्या स्वयंचलित पेट्रोल पंपांवर तर टाकी भरण्याआधी 100 पाउंडांच्या आसपास रक्कम तात्पुरती अडकते. तेव्हा या कार्डावर दुसरा कोणताही खर्च टाकायचा नाही असंच ठरवा, आणि रोजच्या खर्चासाठी वेगळं कार्ड ठेवा. पंपावरही आत जाऊन खिडकीवर पैसे द्या.

काही कंपन्या होल्ड न लावता डिपॉझिट चक्क वसूल करतात आणि नंतर परत करतात. वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण फरक खिशाला लागतो. बहुतेक भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहाराला 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, असतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 4.13 टक्के. 1,80,000 रुपये खरोखर वसूल झाले तर 7,434 रुपये मार्कअपचे लागतात, आणि डिपॉझिट परत आलं तरी बँक हे पैसे सहसा परत करत नाही. शिवाय परत येईपर्यंत पाउंडाचा भाव हललेला असतो. म्हणून सही करण्याआधी विचारायचं: हे नुसतं ऑथोरायझेशन आहे की विक्री म्हणून टाकताय? मशीनच्या चिठ्ठीवरही ते लिहिलेलं असतं. त्या चिठ्ठीवर सहा अंकी-अक्षरी मंजुरी क्रमांक असतो, तिचा फोटो काढून ठेवा. गाडी परत केल्यावर होल्ड सुटायला बँकेनुसार आठवडा ते महिना लागू शकतो. लांबलं तर ग्राहकसेवेला हा क्रमांक आणि शून्य बाकीचं अंतिम बिल दाखवल्यावरच काम हलतं. आणि मशीन रुपयांत आकडा दाखवून 'रुपयांत देणार का' असं विचारेल, तेव्हा पाउंडच निवडा. रुपयाचा तो भाव मशीनवाल्याचा असतो आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

होल्डचा आकडा आला कुठून ते कळलं की विम्याचा प्रश्न निम्मा सुटतो. 1,400 एक्सेस आणि वर शंभर इंधनासाठी. म्हणजे होल्ड हे एक्सेसचंच आगाऊ तारण आहे. 'विमा समाविष्ट' म्हणजे गाडीचं कितीही नुकसान झालं तरी तुमची जबाबदारी 1,400 वर थांबते. नुकसान 300 चं असेल तर 300 तुमचे, 6,000 चं असेल तर 1,400 तुमचे. आणि हे दर घटनेला. सोमवारी आरसा फुटला आणि शुक्रवारी दार घासलं तर दोन वेगळे हिशोब होतात. समोरच्याच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान वेगळ्या, कायद्याने सक्तीच्या विम्यात येतं. त्याची काळजी इथे नको.

काउंटरवरचं संरक्षण आणि साइटचं 'फुल प्रोटेक्शन' यांची नावं सारखी वाटली तरी वस्तू वेगळ्या आहेत. काउंटरवरचं घेतलं की कंपनी स्वतः एक्सेस शून्यावर किंवा अगदी कमी रकमेवर आणते, त्यामुळे होल्डही उतरतो. ओरखडा निघाला तर वादच उरत नाही. साइटचं जे आहे ती तिसऱ्या कंपनीची भरपाई पॉलिसी. गाडीवाल्याच्या लेखी ती नाहीच. तो 1,500 चा होल्ड लावणार, नुकसान दिसलं तर कार्डातून पैसे घेणार, आणि तुम्ही कागद जमवून विमा कंपनीकडून ते परत मिळवायचे. काउंटरवर हे व्हाउचर दाखवलं की 'हे आमचं नाही' असं म्हणतात. त्यात फसवणूक नाही. पण त्याच दमात 'त्यामुळे तुम्हाला काहीच संरक्षण नाही' असंही म्हणतात, ते मात्र खरं नाही.

तुमच्या आकड्यांनी मांडू. काउंटरवरचं संरक्षण दिवसाला 24 पाउंड धरलं तर आठ दिवसांचे 192, म्हणजे 23,040 रुपये, आणि होल्ड 200 च्या आसपास. साइटचं 40 पाउंड, म्हणजे 4,800 रुपये, होल्ड 1,500 तसाच. फरक 18,240 रुपयांचा. लिमिट चार लाख असती तर मी डोळे झाकून साइटचं घ्या म्हटलं असतं. दोन लाखांत, दुसरं कार्ड बरोबर असेल आणि हॉटेलांचे पैसे आधीच भरलेले असतील, तरच साइटचं. नाहीतर काउंटरवरचं घ्या आणि ते 18,000 मनःशांतीचे समजा. साइटचं घेण्याआधी त्या पॉलिसीत एक ओळ मात्र शोधाच: विमा कोणत्या देशाच्या रहिवाशांना लागू आहे. अशा कितीतरी पॉलिसी फक्त ब्रिटन किंवा युरोपच्या रहिवाशांसाठी असतात. साइट भारतातून पैसे घेते, दावा करताना पत्ता पुण्याचा निघतो, आणि दावा फेटाळला जातो. तुमच्या भारतीय प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीच्या एक्सेसचं कलम आहे का तेही बघा. असेल तर दोनदा पैसे भरण्यात अर्थ नाही.

एक्सेसच्या बाहेर काय राहतं हे स्कॉटलंडसाठी विशेष महत्त्वाचं. साध्या संरक्षणात टायर, रिम, काचा, छत आणि गाडीची खालची बाजू बहुतेकदा धरलेली नसते. म्हणजे त्यांचं नुकसान 1,400 च्या मर्यादेतही येत नाही, पूर्ण तुमचं. आणि हायलँड्समध्ये नेमकं हेच जातं. तिथे मैलोन्मैल एकपदरी रस्ते आहेत. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं. वेळेत थांबता आलं नाही तर चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली उतरतं, टायरची बाजू फाटते आणि रिम दगडाला घासतं. डावीकडून चालवायची आपल्याला सवय आहे हा फायदाच, पण डाव्या बाजूचं चाक कडेला किती जवळ आहे याचा अंदाज नव्या गाडीत पहिले दोन दिवस चुकतो. म्हणून कोणतंही संरक्षण घ्या, 'टायर, रिम आणि काच' हे शब्द त्यात आहेत का ते बघून घ्या. काउंटरवर कधीकधी ते वेगळं विकतात, मोठ्या पॅकेजमध्ये असतीलच असं नाही.

सगळं संरक्षण एका फटक्यात रद्द करणाऱ्या गोष्टी दोन-तीनच आहेत. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवणं ही पहिली. 'अर्धा तास मी चालवतो' म्हणून मिस्टर बसले आणि धक्का लागला तर एक्सेसची मर्यादाच उडते, पूर्ण नुकसान तुमच्यावर. चुकीचं इंधन ही दुसरी. ब्रिटनमध्ये पेट्रोलची नळी हिरवी आणि डिझेलची काळी असते. चुकून भरलंच तर इंजिन चालू न करता कंपनीला फोन करा. चालू केल्यावर खर्च अनेक पटींनी वाढतो. आणि मल किंवा ऑर्कनी बेटांवर गाडी फेरीबोटीने न्यायची असेल तर परवानगी आधी लेखी घ्या. स्काय बेटाला पूल आहे, तिथे हा प्रश्न नाही.

लायसन्सबद्दल थोडक्यात: भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते. तरी कंपनीच्या अटींत आंतरराष्ट्रीय परवाना मागितला असेल तर आरटीओतून काढून घ्या, काउंटरवर कायदा समजावत बसण्यापेक्षा ते सोपं. मूळ लायसन्स मात्र हवंच, मोबाइलमधलं चालत नाही.

ओरखड्यांचा वाद गाडी घेतानाच जिंकायचा असतो. किल्लीबरोबर गाडीच्या स्थितीचा अहवाल मिळतो, कागदावर किंवा ईमेलवर. त्यात आधीचं नुकसान नोंदलेलं असतं. तुम्ही सही केली म्हणजे 'याखेरीज गाडी निर्दोष होती' हे मान्य केलं. रात्री पावसात थकून उतरल्यावर ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कोरड्या गाडीवर ते दिसतात. तेव्हा कितीही उशीर झाला असला तरी गाडी दिव्याखाली घ्या आणि फडक्याने चारही रिम पुसा. मग एक सलग व्हिडिओ काढा: सुरुवात नंबरप्लेटपासून, मग डॅशबोर्डवरचं किलोमीटरचं किंवा मैलांचं वाचन आणि इंधनाचा काटा, मग गाडीभोवती एक फेरी, प्रत्येक रिमजवळ थांबून, पुढच्या बंपरची खालची कड वाकून, समोरची काच, छत. चार रिम आणि बंपरची खालची कड, वाद बहुतेक याच पाच जागांचे असतात. अहवालात नसलेलं काहीही दिसलं तर परत काउंटरवर जाऊन लिहून घ्या. 'नाण्याएवढं असेल तर आम्ही धरत नाही' हे तोंडी आश्वासन परतीच्या वेळी वेगळ्या माणसासमोर काही कामाचं नाही. गाडीजवळ कोणीच नसेल तर पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी फोटो कंपनीला ईमेल करा. वेळेचा शिक्का ईमेलवर बसतो.

इंधनाचं धोरण 'भरलेली घ्या, भरलेली द्या' असेल तर उत्तम. हिशोब असा: टाकी 45 लिटरची, पाव टाकी कमी म्हणजे सुमारे 11 लिटर. पंपावर 1.40 पाउंड लिटर धरला तर 15.40 पाउंड. तेच कंपनीने भरलं आणि त्यांचा दर 2.20 व वर 20 पाउंड सेवाशुल्क धरलं, तर 44.20. 'आधी पैसे भरा, रिकामी आणा' हे दिसायला सोयीचं असतं, पण टाकी अगदी रिकामी करून विमानतळावर पोहोचायची हिंमत कोणी करत नाही. 15 लिटर उरले की 21 पाउंड त्यांना दान. काटा भरलेल्यावर असतानाही पहिली बरीच मैलं हलत नाही, हे कंपन्यांनाही माहीत असतं. म्हणून काही करारांत विमानतळापासून ठराविक अंतरातल्या पंपाची पावती मागतात. इन्व्हर्नेसला भरून दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवत आणलेली गाडी 'भरलेली' धरली जात नाही. शेवटचं इंधन एडिंबराच्या हद्दीत घ्या आणि पावती जपा.

परत करताना कंपनीचा माणूस हजर असेल अशी वेळ धरा. त्याच्यासमोर फेरी मारायची, 'नवीन नुकसान नाही' असा अहवाल घ्यायचा. पहाटेच्या विमानासाठी किल्ली पेटीत टाकून जाण्याची सोय असते, पण बहुतेक करारांनुसार कंपनी गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते. त्या मधल्या तीन-चार तासांत शेजारच्या गाडीने दार मारलं तरी ते तुमच्या खात्यावर. नाइलाज असेल तर पुन्हा तसाच सलग व्हिडिओ काढा, डॅशबोर्डवरचं वाचन आणि पार्किंगचा क्रमांक दोन्ही येऊ द्या.

आणि एवढं करूनही नऊ दिवसांनी ईमेल आली असं समजा: मागचं उजवं रिम घासलेलं, दुरुस्ती 210, प्रशासकीय शुल्क 45, गाडी बंद राहिल्याचे दोन दिवसांचे 60, एकूण 315 पाउंड, तुमच्या कार्डातून घेत आहोत. करारावरच्या सहीने ही परवानगी आधीच दिलेली असते, त्यामुळे ओटीपी येत नाही. घरी आल्यावर कार्डाचा परदेशी वापर बंद केला तर ही वसुली कदाचित अडेल, पण मागणी तशीच उभी राहते आणि पुढे वसुली एजन्सीकडे जाते.

आधी रागाचं नव्हे, मागणीचं उत्तर पाठवा. गाडी देतानाचा सहीचा अहवाल, नुकसानीचे मूळ फोटो तारीख-वेळेसह, फोटो काढला तेव्हाचं मैलांचं वाचन, दुरुस्तीचं बिल किंवा अंदाजपत्रक, आणि गाडी नेमकी कोणत्या तारखांना बंद होती, एवढं मागायचं. यातलं मैलांचं वाचन सर्वांत बोलकं. तुम्ही 8,412 वर गाडी दिली आणि त्यांच्या फोटोतलं वाचन 8,460 असेल, तर मध्ये गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवली. दुरुस्ती न करताच ती दुसऱ्या दिवशी भाड्याने गेली असेल तर बंद राहिल्याचे 60 पाउंडही टिकत नाहीत. नुकसान खरंच तुमच्याकडून झालं असेल तर मूळ रक्कम मान्य करून फक्त फुगवलेले भाग खोडा. अशा तक्रारीला वजन राहतं. काउंटरवरच कागद पुढे केला तर सही 'प्रत मिळाली, नुकसान अमान्य' असं लिहून करा.

2015 मध्ये युरोपियन कमिशन आणि ग्राहक संरक्षण यंत्रणांनी पाच मोठ्या भाडे कंपन्यांकडून असं कबूल करून घेतलं होतं की पैसे कापण्याआधी ग्राहकाला नुकसानीचा पुरावा आणि आक्षेप घ्यायची संधी द्यायची. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातही करारातली अन्याय्य अट बंधनकारक राहत नाही. या दोन्हींचा उल्लेख ईमेलमध्ये एका ओळीत केला तरी पुरे. कंपनीचं अंतिम उत्तर पटलं नाही तर ती ब्रिटिश व्हेईकल रेंटल अँड लीजिंग असोसिएशनची सभासद आहे का ते बघा. सभासदांविरुद्धच्या तक्रारींत ही संस्था मध्यस्थी करते, पण आधी कंपनीकडे तक्रार करून झालेली असावी लागते.

बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डातून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागणं हा शेवटचा उपाय. 'मला अन्याय वाटतो' एवढ्यावर तो मिळत नाही, कारण सही तुमची असते. पुरावा मागूनही दिला नाही, किंवा रक्कम कराराच्या मर्यादेपेक्षा जास्त घेतली, असं कागदावर दाखवता आलं तर मात्र दावा उभा राहतो. स्टेटमेंटवर वसुली दिसली की त्याच आठवड्यात बँकेला लेखी कळवा, कंपनीशी ईमेल चालू असल्या तरी, कारण चार्जबॅकची मुदत त्या ईमेलांसाठी थांबत नाही. साइटची पॉलिसी घेतली असेल तर विमा कंपनीचंही तेच. त्यांना करार, दोन्ही वेळचे अहवाल, कंपनीचं बिल आणि वसुली दाखवणारं कार्ड स्टेटमेंट लागतं, आणि प्रशासकीय शुल्काचे 45 पाउंड त्या पॉलिसीत धरलेले आहेत की नाहीत हे तिथल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत बघावं लागतं.